कम्युटेटिव्ह डायग्राम वाचायचा कसा: बाणावर बोट ठेवून, एक एक एलिमेंट चालवून

अल्जिब्राचं पुस्तक मॉड्यूल्सपर्यंत आलं की पानावर एकदम चौकोन आणि बाण दिसायला लागतात, खाली एकच ओळ असते की हा डायग्राम कम्युट होतो, आणि लेखक निघून जातो पुढच्या थिअरमला. इथे बडोद्यात माझ्याकडे एमएस्सीची पोरं येतात, बरीचशी सयाजीराव युनिव्हर्सिटीची, घरी मराठी, बाहेर गुजराती, वर्गात इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत प्रश्न तोच, की सर या चित्रात नक्की लिहिलंय काय. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. ग्रुप, होमोमॉर्फिझम आणि कर्नल एवढं माहिती असेल तर पुरे, आणि शेजारी वही-पेन घेऊनच बसा, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

सुरुवात एका चौकोनापासून

```
        f
   A -------> B
   |          |
 a |          | b
   v          v
   C -------> D
        g
```

चार कोपऱ्यांत चार ग्रुप आहेत. चार बाण म्हणजे चार होमोमॉर्फिझम. A मधून D पर्यंत जायचे दोन रस्ते आहेत, एक वरून: आधी f मग b, दुसरा खालून: आधी a मग g. डायग्राम कम्युट होतो म्हणजे A मधला कुठलाही x घ्या, दोन्ही रस्त्यांनी चालवा, D मध्ये जे एलिमेंट हातात येतं ते दोन्ही वेळा तेच असलं पाहिजे. समीकरणात लिहायचं तर b(f(x)) = g(a(x)), आणि हे A मधल्या प्रत्येक x साठी. बस, व्याख्या एवढीच आहे.

इथे बरेच जण एक उदाहरण देतात की स्टेशनवरून मांडवीला रावपुऱ्यातून जा नाहीतर दांडिया बाजारातून जा, पोचणार मांडवीलाच, तसंच हे. ऐकायला गोड आहे पण याने पोरांचा घोळ होतो. कारण दोन्ही रस्ते D लाच पोचतात हे तर चित्र काढल्याबरोबर दिसतंच, कम्युट न होणाऱ्या चौकोनातही दोन्ही रस्ते D लाच पोचतात. प्रश्न D ला पोचण्याचा नाहीच, D च्या आत कुठल्या एलिमेंटवर उतरलो हा आहे. मांडवीचंच उदाहरण ठेवायचं असेल तर असं म्हणा की दोन्ही रस्त्यांनी जाणारा माणूस मांडवीत त्याच घराच्या त्याच दारात उभा राहायला हवा, आणि निघताना कुठल्याही घरातून निघाला तरी हे खरं राहायला हवं.

अजून एक बारीक गोष्ट, लिहिण्याची. वरचा रस्ता आपण b∘f असा लिहितो, म्हणजे कागदावर b आधी दिसतो पण काम आधी f करतो. चित्रात मात्र f आधी येतो. चित्र पाहून समीकरण लिहिताना हा क्रम उलटा होतो आणि तिथे गडबड होते, म्हणून मी पोरांना सांगतो की सरळ बाणावर बोट ठेवा, x हातात धरा, बोट सरकेल तसा कंस वाढवत जा: x, मग f(x), मग b(f(x)). कंस बाहेरून वाढत जातात, क्रम आपोआप बरोबर येतो.

आता खरे आकडे घालू

```
          f
   Z/12 ------> Z/4
    |            |
  a |            | b
    v            v
   Z/12 ------> Z/4
          f
```

f म्हणजे 4 ने भागून उरलेली बाकी. a म्हणजे 5 ने गुणणे, अर्थात 12 च्या हिशोबात. b काय आहे ते थोड्या वेळाने ठरवू.

कम्युट होतो का हे तपासायच्या आधी एक काम असतं जे सगळे विसरतात: प्रत्येक बाण खरंच मॅप आहे का ते बघणे. f चालतो कारण 4 ने 12 ला पूर्ण भाग जातो. समजा उजवीकडे Z/4 च्या ऐवजी Z/5 लिहिलं आणि बाकी 5 ने काढायला गेलो, तर Z/12 मध्ये 0 आणि 12 एकच एलिमेंट आहे, पण 5 ने भागल्यावर 0 ची बाकी 0 आणि 12 ची बाकी 2, म्हणजे एकाच एलिमेंटची दोन उत्तरं. मग तो बाणच काढता येत नाही, कम्युट होण्याचा प्रश्न पुढची गोष्ट.

आता b म्हणजे आयडेंटिटी घ्या, जे आलं ते तसंच ठेवायचं. x = 7 चालवू. वरून: f(7) = 3, b ने 3 च राहिला. खालून: a(7) = 35, 12 च्या हिशोबात 11, आणि f(11) = 3. जुळलं. कारणही सोपं आहे, 4 च्या हिशोबात 5 आणि 1 एकच, म्हणून 5 ने गुणून बाकी काढा नाहीतर आधी बाकी काढून काहीच करू नका, उत्तर तेच.

आता b बदला, b म्हणजे 3 ने गुणणे. परत 7: वरून f(7) = 3, मग 9, म्हणजे 4 च्या हिशोबात 1. खालून आधीसारखाच 3 येतो. 1 आणि 3 वेगळे, म्हणून हा चौकोन कम्युट होत नाही. एक एलिमेंट फसलं की संपलं, बाकीचे बघायची गरजच नाही.

पण याच चौकोनात 6 घालून बघा. वरून f(6) = 2, तिप्पट 6, म्हणजे 2. खालून a(6) = 30, म्हणजे 6, आणि f(6) = 2. जुळतंय! 10 घाला, तिथेही जुळतं. खरं तर सगळ्या सम संख्यांवर जुळतं, कारण दोन उत्तरांमधला फरक 3x − x = 2x आहे आणि x सम असेल तर 2x ला 4 ने भाग जातोच. म्हणजे Z/12 मधल्या बारापैकी सहा एलिमेंट्सवर हा डायग्राम बरोबर असल्यासारखा वागतो. एखाद्याने नेमका 6 घेऊन तपासलं तर तो खात्रीने सांगेल की कम्युट होतो. आणि 0 घेऊन तपासणं तर नकोच, कारण होमोमॉर्फिझम 0 ला 0 वरच नेतो, जगातल्या कुठल्याही चौकोनात 0 जुळणारच.

मग सगळे बारा तपासायचे का? नाही. जनरेटर तपासा. Z/12 हा एकट्या 1 ने बनतो, आणि दोन्ही रस्ते, म्हणजे b∘f आणि f∘a, हे स्वतः होमोमॉर्फिझम आहेत, त्यामुळे दोघं 1 वर जुळले तर 1+1 वर जुळतील, 1+1+1 वर जुळतील, सगळीकडे जुळतील. वरच्या बिघडलेल्या चौकोनात 1 घातला की लगेच कळतं: वरून 3, खालून 5 म्हणजे 1. एका ओळीत निकाल. A जर Z×Z असेल तर (1,0) आणि (0,1) हे दोन तपासा, मॉड्यूल असेल तर त्याचा जनरेटिंग सेट घ्या. फक्त एक लक्षात ठेवा की ही सवलत बाण होमोमॉर्फिझम आहेत म्हणून मिळते. कोपऱ्यात नुसते सेट असतील आणि बाण साधे फंक्शन, तर प्रत्येक एलिमेंट बघावं लागतं.

कम्युट होतो हे वाक्य समीकरणासारखं सोडवता येतं

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि वर्गात यावर सगळ्यात कमी वेळ मिळतो. वरच्याच चौकोनात b पुसून टाका. प्रश्न: a म्हणजे 5 ने गुणणे असेल तर कुठला b घातला की डायग्राम कम्युट होईल? उजवीकडच्या Z/4 मधला 1 घ्या. तो f(1) आहे. म्हणून b(1) = b(f(1)), आणि कम्युट व्हायचं असेल तर हे f(a(1)) = f(5) = 1 असायलाच हवं. म्हणजे b(1) = 1, निवडीला जागाच नाही, आयडेंटिटी हाच एक b. a बदलून 7 ने गुणणे केलं तर b(1) = f(7) = 3, म्हणजे आता 3 ने गुणणे हाच बरोबर b. मघाचा चुकीचा b इथे बरोबर ठरला. 7 घालून खात्री करा: वरून 3, मग 9 म्हणजे 1; खालून 49 म्हणजे 1, आणि f(1) = 1. जुळलं.

पुस्तकात तुटक रेषेचा बाण दिसतो ना, तो हेच सांगत असतो: बाकीचे बाण दिलेले आहेत, हा बाण डायग्राम कम्युट व्हावा म्हणून शोधायचाय. अशा वेळी दोन गोष्टी विचारायच्या, असा बाण आहे का आणि एकच आहे का. आपल्या केसमध्ये एकच का आला? कारण f सर्जेक्टिव्ह आहे, Z/4 मधलं प्रत्येक एलिमेंट कुठल्या तरी f(x) च्या रूपात येतं, म्हणून b ने कुठे जायचं हे a आणि f मिळून ठरवून टाकतात.

मोठा डायग्राम आला तर

```
   A --f--> B --h--> C
   |        |        |
  a|       b|       c|
   v        v        v
   A'-f'--> B'-h'--> C'
```

इथे A पासून C' पर्यंत तीन रस्ते आहेत. तिन्ही वेगवेगळे तपासायला लागत नाही, डावा चौकोन आणि उजवा चौकोन कम्युट होत असेल तर बाहेरचा मोठा आयतही होतो. x घ्या, c(h(f(x))) मध्ये उजवा चौकोन वापरून h'(b(f(x))) करा, मग डावा चौकोन वापरून h'(f'(a(x))) करा, पोचलो. म्हणून कितीही मोठा डायग्राम असला तरी लहान तुकडे बघायचे.

उलटं मात्र चालत नाही, आणि परीक्षेत इथे मार्क जातात. बाहेरचा आयत कम्युट होतो म्हणून आतले चौकोनही होतील असं नाही. C' ला सरळ शून्य ग्रुप करा. आता C' मध्ये जाणारं सगळं 0 च होतं, मोठा आयतही कम्युट, उजवा चौकोनही कम्युट, आणि डाव्या चौकोनात तुम्ही वाट्टेल ते बाण घाला, कोणाला पत्ता लागणार नाही. h' इंजेक्टिव्ह असेल आणि उजवा चौकोन कम्युट होत असेल, तर मात्र बाहेरच्यावरून डाव्याचं खरं ठरवता येतं, कारण इंजेक्टिव्ह मॅप दोन वेगळी उत्तरं एक करून लपवत नाही.

आता हे कामाला लावू: डायग्राम चेस

```
 0 --> A --i--> B --p--> C --> 0
       |        |        |
      a|       b|       c|
       v        v        v
 0 --> A'-i'--> B'-p'--> C'--> 0
```

दोन्ही ओळी शॉर्ट एक्झॅक्ट आहेत आणि दोन्ही चौकोन कम्युट होतात. एक्झॅक्ट म्हणजे इथे तीन गोष्टी: i इंजेक्टिव्ह, p सर्जेक्टिव्ह, आणि B मधलं जे एलिमेंट p ने 0 होतं ते नेमकं A मधून i ने आलेलं असतं. खालच्या ओळीचंही तसंच. दावा असा की a आणि c इंजेक्टिव्ह असतील तर मधला b पण इंजेक्टिव्ह. फाइव्ह लेमा नावाचा जो प्रसिद्ध निकाल आहे त्याच्या छोट्या रूपाचा हा अर्धा भाग.

B मधला x घ्या ज्याचं b(x) = 0. आपल्याला x = 0 दाखवायचंय. आता x पाशी उभं राहून बघा की कुठे जाता येतं. खाली जाऊन झालंय, 0 मिळालाय. त्या 0 ला p' ने पुढे ढकला, p'(b(x)) = 0. उजवा चौकोन कम्युट होतो, म्हणून हेच c(p(x)) आहे, तेही 0. c इंजेक्टिव्ह, म्हणून p(x) = 0. वरची ओळ एक्झॅक्ट, म्हणून x हा A मधून आलाय, x = i(y) असा y सापडतो. आता डाव्या चौकोनात शिरा: y वरून गेला तर b(i(y)) = b(x) = 0, आणि खालून i'(a(y)), दोन्ही एकच, म्हणून i'(a(y)) = 0. i' इंजेक्टिव्ह म्हणून a(y) = 0, a इंजेक्टिव्ह म्हणून y = 0, आणि x = i(0) = 0. झालं.

हे वाचून संपलं की वहीत परत लिहा, आणि या वेळी प्रत्येक पावलापुढे मार्जिनमध्ये कारण लिहा. बाणाच्या दिशेने जाणं कायम मोफत आहे, त्याला कारण लागत नाही. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर उडी मारली तर कारण "चौकोन कम्युट होतो". बाणाच्या उलट दिशेने गेलात, म्हणजे p(x) = 0 वरून y शोधला किंवा c(p(x)) = 0 वरून p(x) = 0 म्हटलं, तर तिथे एक्झॅक्ट, इंजेक्टिव्ह किंवा सर्जेक्टिव्ह यांपैकी काहीतरी लिहिलेलं हवंच. मी वह्या तपासतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक चूक या उलट्या पावलातच असते, पोरगं सहज "आता याचा प्रीइमेज घेऊ" म्हणतं आणि मॅप सर्जेक्टिव्ह आहे की नाही ते बघतच नाही.

आणि कम्युट होत नसेल तर नक्की कुठे तुटतं

वर चार घटकांचा Z/4, खाली चार घटकांचा Z/2×Z/2, दोन्हीच्या दोन टोकांना Z/2.

```
 0 --> Z/2 --i--> Z/4     --p--> Z/2 --> 0
        |          |              |
       a|         b|             c|
        v          v              v
 0 --> Z/2 -i'--> Z/2×Z/2 -p'--> Z/2 --> 0
```

i(1) = 2, p म्हणजे 2 ने भागून बाकी. खाली i'(1) = (1,0) आणि p'(u,v) = v. दोन्ही ओळी शॉर्ट एक्झॅक्ट आहेत, स्वतः तपासून बघा. a आणि c दोन्ही आयडेंटिटी. बरेच जण म्हणतात की दोन्ही टोकं तंतोतंत सारखी, मग मधलेही आयसोमॉर्फिक असणार. पण Z/4 मध्ये 1 ची ऑर्डर 4 आहे आणि Z/2×Z/2 मध्ये ऑर्डर 4 चं कोणीच नाही, म्हणजे ते आयसोमॉर्फिक नाहीतच. मग गडबड कुठे आहे?

b शोधायचा प्रयत्न करू. उजवा चौकोन म्हणतो p'(b(1)) = c(p(1)) = 1, म्हणजे b(1) हा (0,1) किंवा (1,1) पाहिजे. दोन्ही चालतात, उजवा चौकोन खूश. आता डावा: b(2) = b(i(1)), हे i'(a(1)) = (1,0) असायला हवं. पण b(2) म्हणजे b(1) + b(1), आणि Z/2×Z/2 मध्ये कुठल्याही एलिमेंटची दुप्पट (0,0) च असते. (1,0) कधीच येणार नाही. म्हणजे दोन्ही चौकोन एकत्र कम्युट करणारा b अस्तित्वातच नाही. मघाच्या दाव्यात b दिलेला होता आणि चौकोन कम्युट होतात हे दिलेलं होतं, ते फुकटात मिळालेलं नव्हतं.

आता b(1) = (0,1) ठेवून मघाचा चेस जसाच्या तसा चालवा. x = 2 घ्या. b(2) = (0,0), ठीक. p(2) = 0, उजवा चौकोन नीट चालला. एक्झॅक्टनेसमुळे 2 = i(1), म्हणजे y = 1, हेही नीट. पुढची ओळ डाव्या चौकोनाची: वरून b(i(1)) = (0,0), खालून i'(a(1)) = (1,0). दोन वेगळी एलिमेंट्स. चेस बरोबर याच ओळीवर थांबतो आणि b च्या कर्नलमध्ये 2 अडकून राहतो.

सरावासाठी हाच डायग्राम उलटा करा, वर Z/2×Z/2 आणि खाली Z/4, मॅप तेच, टोकांना परत आयडेंटिटी. b(1,0) = 2 घेतलं की डावा चौकोन जुळतो. b(0,1) काय ठेवाल? उजव्या चौकोनासाठी तो विषम हवा, 1 किंवा 3. पण (0,1) ची दुप्पट 0 आहे, आणि Z/4 मध्ये 1 ची किंवा 3 ची दुप्पट 2 येते, म्हणजे असा होमोमॉर्फिझमच नाही. या वेळी अडचण उजवीकडे निघाली.